पश्चिमेची लॉबी आणि सकाळचं ऊन

काही वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या माहितीपुस्तिकेसाठी मी एक वाक्य लिहिलं होतं : ‘सकाळच्या कोवळ्या उन्हात न्हाऊन निघालेली आमची लॉबी.’ हॉटेल मी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे आलेल्या छायाचित्रात काचेच्या दारातून तिरपा, मधासारखा उजेड आत आला होता. तो मी सकाळचा धरला. पुस्तिका छापून झाली, वाटली गेली. मग एका पाहुण्याने स्वागतकक्षात सरळ विचारलं, ‘तुमची लॉबी पश्चिमेला आहे. इथे सकाळचं ऊन येतं कुठून?’ छायाचित्र संध्याकाळी साडेपाचचं होतं. त्या दारातून सकाळी दहापर्यंत दिवे लावूनच वावरावं लागे.

हॉटेलवाल्यांनी मला फारसं काही ऐकवलं नाही, पण ते वाक्य मला बरीच वर्षं टोचत राहिलं. लॉबी न बघता लिहिणं ही चूक होतीच. त्याहून मोठी चूक म्हणजे लॉबीला घड्याळ असतं, हेच मला तेव्हा कळलं नव्हतं. खोलीचं वर्णन करताना वेळ सोडली तरी चालून जातं, कारण खोलीत पाहुणा पडदे ओढतो, दिवे लावतो, स्वतःची वेळ स्वतः तयार करतो. लॉबी मात्र दारातून येणाऱ्या उजेडावर जगते. तिची लादी, भिंती, लाकूड, पितळ हे सगळं सकाळी एक असतं आणि संध्याकाळी दुसरं. तेव्हा वर्णन लिहायला बसण्याआधी ठरवायचं ते हे, की कितीच्या ठोक्याची लॉबी लिहायची.

हे नीट उमगलं ते कोकणातल्या एका छोट्या हॉटेलचं काम करताना. रत्नागिरीच्या दक्षिणेला, समुद्रापासून थोडं आत, अठरा खोल्यांचं. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, दर्शनी बाजूला पडवी आणि पडवीमागे लॉबी. तोंड पश्चिमेला. पुस्तिका तीन घड्यांची होती. ए-फोर कागदाच्या तीन घड्या केल्या की एका भागाला जेमतेम दहा सेंटिमीटर रुंदी मिळते. त्यात वरचा अर्धा भाग छायाचित्राचा, खाली मजकूर. देवनागरीला वरच्या-खालच्या मात्रा-उकारांमुळे ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते, त्यामुळे साठ-सत्तर शब्दांपलीकडे काही मावत नाही. साठ-सत्तर शब्दांत एक दालन उभं करायचं होतं.

हॉटेलने मला आधीचा मजकूर दिला होता. त्यात असं काहीसं होतं : भव्य आणि आलिशान स्वागतकक्षात पाऊल ठेवताच तुम्ही एका वेगळ्याच विश्वात प्रवेश करता, परंपरा आणि आधुनिकता यांचा सुरेख संगम, मन प्रसन्न करणारं वातावरण. असा मजकूर बहुधा आधी इंग्रजीत लिहिला जातो आणि मग त्याला मराठी कपडे चढवले जातात. त्याची परीक्षा सोपी आहे. हॉटेलचं नाव खोडून तिथे महाबळेश्वरच्या किंवा औरंगाबाद रस्त्यावरच्या कुठल्याही हॉटेलचं नाव घालावं. एकही शब्द बदलावा लागत नसेल तर त्या मजकुराने लॉबीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. शिवाय इथे ‘भव्य’ हा शब्द खोटाही होता. लॉबी बावीस फूट रुंद आणि तीस फूट खोल होती. छायाचित्रकार रुंद कोनाची लेन्स लावतात तेव्हा अशी जागा दुप्पट दिसते. चित्राने आधीच फुगवलेली जागा शब्दांनीही फुगवली, तर दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याच्या चेहऱ्यावर पहिल्या क्षणी उमटते ती निराशा. तेव्हा चित्र रुंद असेल तर शब्दांनी जागा खऱ्या मापावर आणून ठेवावी. बावीस बाय तीस फुटांच्या दालनाला ‘आटोपशीर’ म्हणणं हे काही उणं नाही.

मी जानेवारीत दोन दिवस तिथे राहिले. पहिला दिवस नुसता बसण्यात घालवला. सकाळी आठला, दुपारी एकला, चार ते सहा आणि रात्री नऊला. प्रत्येक वेळी एकाच बाकावर. हॉटेलच्या व्यवस्थापकांना वाटलं, मी काम टाळते आहे.

सकाळी आठला लॉबी निळसर, सपाट होती. उजेड होता, पण सावली कुठेच पडत नव्हती, त्यामुळे जांभ्याच्या भिंतीचे खड्डे दिसत नव्हते. भिंत रंगवल्यासारखी वाटत होती. दुपारी एकला बाहेर अंगण पांढरंफटक आणि आत जवळजवळ अंधार. बाहेरून येणाऱ्याचे डोळे त्या अंधाराला सरावायला काही मिनिटं घेतात. तेवढा वेळ तो चाचपडतो, काउंटरमागे कोण उभं आहे हेही त्याला धड दिसत नाही. व्यवस्थापकांना हा दोष वाटायचा, त्यांनी तिथे पांढऱ्या ट्यूबलाइट लावायचं ठरवलं होतं. मला तो दोष वाटला नाही. कोकणातल्या घराची पडवी ठेंगणी असते, वळचण खाली उतरलेली असते, ती ऊन आणि पाऊस दोन्ही बाहेर ठेवण्यासाठीच. बाहेरच्या झळांतून त्या गार अंधारात शिरणं हेच या लॉबीचं पहिलं देणं होतं. शब्द फक्त नीट निवडायचा. ‘अंधारी’ म्हटलं की कोंदट आठवतं, ‘सावलीची’ म्हटलं की पाणी प्यावंसं वाटतं.

चार वाजता गंमत सुरू झाली. पडवी दहा फूट खोल, वळचणीची उंची सुमारे आठ फूट. चारच्या सुमाराला उन्हाची रेघ उंबरठा ओलांडून दोन फूट आत आली होती. मी टेप घेऊन बसले होते. पाचला तीच रेघ उंबरठ्यापासून चौदा फुटांवर, थेट काउंटरच्या पायाशी. तासाभरात बारा फूट. सूर्य जसजसा खाली उतरतो तसतशी त्याची लांबी नुसती वाढत नाही, झपाट्याने वाढते, म्हणून शेवटच्या तासात ऊन चालत येत नाही, धावत येतं. आणि ते तिरपं असल्यामुळे जांभ्याच्या प्रत्येक छिद्राला आपली सावली मिळाली. सकाळची ती सपाट भिंत आता मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उठून दिसत होती. हॉटेलात खोली दुपारी दोनपासून मिळायची. मुंबई-पुण्याहून गाडीने येणारे बहुतेक पाहुणे तीन ते साडेपाचमध्ये पोचतात, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. म्हणजे पाहुण्याची वेळ आणि लॉबीची सगळ्यात चांगली वेळ एकच होती. लिहायची वेळ ठरली.

आता सामग्री. या कामात बोली लागते ती पदार्थांच्या नावांची, आणि इथेच सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात, बहुतेक वेळा न कळत. अंतर्गत सजावटकाराची यादी हातात येते आणि आपण ती उतरवून काढतो. यादीत असतं ते ठरलेलं, जागेवर असतं ते आलेलं. आयात केलेल्या कुठल्याही संगमरवराला आपल्याकडे सर्रास ‘इटालियन’ म्हणतात, मग तो तुर्कस्तानातून येवो की स्पेनमधून. बरेचदा तो संगमरवरही नसतो, व्हिट्रिफाइड टाइल असते. ओळखायचं कसं, तर गुडघ्यावर बसून. टाइलवरची शीर छापील असते, त्यामुळे चार-सहा टाइल सोडून तीच शीर, तसाच फाटा पुन्हा सापडतो. दगडात एक शीर दुसऱ्यांदा सापडत नाही. पायरीच्या कडेला बघितलं तर आणखी लवकर कळतं : दगडाची शीर कडेवरून खाली उतरते, टाइलच्या कडेला ती तुटते आणि आतला वेगळा रंग दिसतो.

लाकडाचंही तसंच. विनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा कागदासारखा पातळ, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा प्लायवर चिकटवलेला. तो दिसतो सुंदर, पण ‘भरीव सागवान’ नव्हे. फळीच्या टोकाला वर्तुळाकार रेषा दिसल्या तर लाकूड भरीव, नुसती पट्टी चिकटवलेली दिसली तर विनियर किंवा लॅमिनेट. पितळेची परीक्षा हात करतो. खऱ्या पितळी मुठीचा जो भाग रोज हाताळला जातो तो लखलखीत राहतो आणि कोपरे काळवंडतात, बोटांना वासही येतो. पितळी रंगाचा थर दिलेली स्टीलची मूठ सगळीकडे सारखीच चमकते आणि कधी बदलत नाही. दोन्ही वस्तू चांगल्या असू शकतात, प्रश्न नावाचा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुस्तिका ही जाहिरातच असते. पण मला दंडापेक्षा ती मूठ हातात धरणारा पाहुणा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याला नाव सांगता येणार नाही कदाचित, पण काहीतरी बनावट आहे हे त्याच्या हाताला कळतं.

कोकणातल्या त्या हॉटेलची यादी म्हणत होती : भिंती जांभ्याच्या, लादी कडाप्पा, बाक सागवानी. भिंती खरोखरच जांभ्याच्या चिऱ्यांच्या होत्या, गिलावा न केलेल्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापता येतो, आणि हवा लागली की कठीण होत जातो. कोकणाबाहेरच्या पाहुण्याला हे माहीत नसतं. पुष्कळ हॉटेलवाल्यांना मात्र जांभ्याची लाज वाटते, तो गरिबाचा दगड वाटतो, आणि दर्शनी भिंतीवर ते आयात दगडाच्या पातळ चकत्या चिकटवतात. मला अशा वेळी टोकियोच्या इंपिरियल हॉटेलची आठवण येते. फ्रँक लॉइड राइट यांनी बांधलेलं आणि 1923 मध्ये सुरू झालेलं ते हॉटेल ओया नावाच्या मऊ, सच्छिद्र, स्थानिक ज्वालामुखी दगडाचं होतं. तो काही उंची दगड मानला जात नव्हता. त्या दगडावरचं कोरीवकाम आणि ठेंगण्या प्रवेशातून एकदम उंच होत जाणारी लॉबी यांच्यामुळेही ते हॉटेल जगात ओळखलं गेलं. पुढे इमारत पाडली, पण लॉबीचा दर्शनी भाग नागोयाजवळच्या इनुयामा इथल्या मेइजी-मुरा या संग्रहालयात पुन्हा उभा करून ठेवला आहे. हॉटेल गेलं आणि लॉबी राहिली, तीही मऊ दगडाची.

लादीचा कडाप्पाही खरा होता, काळसर, फार चकाकी न आणलेला. इथे मी चपला काढून चालले. दगडाची लादी गार का लागते, तर ती खरोखर आजूबाजूच्या हवेपेक्षा फार गार असते म्हणून नव्हे. दगड तळव्याची उष्णता लाकडाच्या कितीतरी पट वेगाने ओढून घेतो, म्हणून त्याच खोलीतल्या लाकडी पाटापेक्षा लादी गार भासते. पाच वाजता मात्र काळ्या लादीवर उन्हाचा पट्टा पडला होता आणि त्यावर पाय ठेवला तर तो कोमट होता, हातभर बाजूला गार. दोन पावलांत दोन ऋतू. हे कॅमेऱ्याला कधीच टिपता येणार नाही. चित्राच्या शेजारी शब्दांना जागा देण्याचं कारणच हे, की त्यांनी चित्राबाहेरचं सांगावं. भिंत लाल आहे, दार मोठं आहे, कुंडीत शेवंती आहे, हे छायाचित्रात दिसतं आहे, ते पुन्हा लिहिणं म्हणजे साठातले वीस शब्द वाया घालवणं.

बाकाचं मात्र वेगळं निघालं. लांबच लांब, पाठ नसलेला, भिंतीला टेकून बसायचा बाक. यादीप्रमाणे सागवानी. मला रंग सागापेक्षा जास्त पिवळा आणि कोपऱ्यांत जास्त तपकिरी वाटत होता. दुसऱ्या दिवशी दाराचं बिजागर दुरुस्त करायला मेस्त्री आले होते, त्यांना विचारलं.

‘हा साग नाही, बाई. फणस आहे,’ ते म्हणाले. ‘याच वाडीतलं झाड. मीच चिरलेलं. आणला तेव्हा हळदीसारखा पिवळा होता, आता माणसं बसून बसून काळवंडला.’

व्यवस्थापक कावरेबावरे झाले. त्यांना वाटलं, बाकाचा मान गेला. मला वाटलं, बाकाला आत्ता कुठे मान मिळाला. ‘सागवानी बाक’ देशातल्या हजार हॉटेलांत असतील. वाडीतल्या फणसाचा बाक या एकाच ठिकाणी होता आणि तो कसा रंग बदलत गेला याला साक्षीदारही होता. पण मी त्यांच्याकडून एक गोष्ट मागून घेतली : झाड याच वाडीतलं, हे मेस्त्रींच्या तोंडचं होतं, तर मालकांकडूनही ते पडताळून घ्यावं. त्यांनी घेतलं. मगच ते शब्द कागदावर गेले.

आता भाव. ‘मूड’ या शब्दाला पुस्तिकांमध्ये फार मागणी आहे आणि बहुतेक वेळा तो विशेषणांनी भागवला जातो : शांत, प्रसन्न, राजेशाही. विशेषण हा लेखकाचा निकाल असतो. पाहुण्याला निकाल नको असतो, त्याला पुरावा हवा असतो. तिथे बसल्यावर मला शांत का वाटलं, याचं कारण शोधलं तर हाती लागलं ते असं. महामार्ग दूर होता. टीव्ही नव्हता. उंच सपाट छत आणि गुळगुळीत भिंती असलेल्या लॉबीत बोलणं घुमतं. टाळी वाजवून बघितली की शेपूट ऐकू येतं. इथे उतरतं कौलारू छप्पर आणि खडबडीत जांभा असल्यामुळे टाळी वाजली आणि विरली. काउंटरवरची मुलगी कुजबुजत नव्हती, नेहमीच्या आवाजात बोलत होती, तरी बाकावर बसलेल्याला ते अर्धवटच ऐकू येत होतं. आणखी एक रीत होती : येणाऱ्याच्या हातात आधी कोकम सरबत यायचं, नोंदवहीत सही नंतर. यातलं एखादंच लिहिलं तरी ‘शांत’ हा शब्द न लिहिता शांतता पोचते. ‘सरबत आधी, सही नंतर’ या चार शब्दांत मला जे मिळालं ते ‘आपुलकीचं आदरातिथ्य’ या दोन शब्दांत कधी मिळालं नसतं.

मात्र अशी वाक्यं लिहिण्याआधी विचारावं लागतं : हे रोज होतं का? गर्दीच्या शनिवारीही? मी विचारलं. एखाद्या सणाच्या आठवड्यात उशीर होतो, पण होतं, असं उत्तर मिळालं. जे आठवड्यातून एकदा घडतं ते पुस्तिकेत जाता कामा नये. एका हॉटेलात मी पाहिलं होतं, छायाचित्रासाठी आणलेले सोनचाफ्याचे हार चित्रातच राहिले आणि पाहुणे वर्षभर चाफ्याचा वास शोधत राहिले.

वेळेच्या शब्दांबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण मराठी इथे फार श्रीमंत आहे आणि पुस्तिका लिहिणारे तिचा उपयोगच करत नाहीत. दिवसभरात दहा-बारा उजेड आपल्याकडे नावानिशी आहेत. झुंजुमुंजु, कोवळं ऊन, चढतं ऊन, टळटळीत दुपार, कलती दुपार, उन्हं उतरताना, तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण. इंग्रजीतून आलेला मजकूर यांतल्या निम्म्या वेळांना ‘सोनेरी संध्याकाळ’ म्हणून टाकतो. पण हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, कारण प्रत्येकात उजेडाबरोबर मनही आलेलं आहे. ‘कातरवेळ’ हा शब्द सुंदर आहे, म्हणून एका तरुण लेखकाने तो लॉबीच्या वर्णनात घातलेला मी पाहिला. पण कातरवेळ म्हणजे मन कातर होण्याची वेळ, घर आठवून हुरहुर लागण्याची. परगावी आलेल्या पाहुण्याला दारातच घराची आठवण करून द्यायची? ‘तिन्हीसांज’ही जपून. तिन्हीसांजेला निजू नये, उंबरठ्यावर बसू नये, असं ऐकत वाढलेला वाचक त्या शब्दाबरोबर आजीचा दटावणीचा आवाजही ऐकतो. ‘दिवेलागण’ मात्र स्वागताची आहे. दिवा लागतो तेव्हा घरी परतलेल्यांची गणती होते. घड्याळाच्या हिशेबाने तिन्ही जवळजवळ एकाच अर्ध्या तासाचे शब्द, पण लॉबीच्या दारात उभा राहू शकतो तो एकच.

आणि ‘कोवळं ऊन’ हे फक्त सकाळचं. संध्याकाळच्या उन्हाला कोवळं म्हणत नाहीत, ते उतरतं असतं. माझ्या त्या पहिल्या फसलेल्या वाक्यात पश्चिमेच्या उन्हाला मी ‘कोवळं’ म्हटलं होतं. म्हणजे दिशा चुकली होतीच, भाषाही चुकली होती. छायाचित्राकडे कान देऊन पाहिलं असतं तर भाषेनेच मला थांबवलं असतं.

रात्रीचे दिवे हा आणखी एक भाग, पण थोडक्यात सांगते. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 2700 म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा उजेड, 6500 म्हणजे पांढरी ट्यूबलाइट. या हॉटेलात काउंटरवर 2700 चे चार दिवे होते आणि जांभा त्या उजेडात विटकरी-लाल दिसायचा. पांढऱ्या ट्यूबखाली तोच जांभा मातकट, आजारी दिसला असता. व्यवस्थापकांना मी ही दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवली आणि ट्यूबलाइटचा बेत तिथेच बारगळला. दुपारच्या अंधारासाठी त्यांनी नोंदवहीवर एक पिवळा दिवा जास्त लावला, तेवढ्याने काम भागलं.

तर पहिला खर्डा असा झाला :

‘गाडीतून उतरलात की आधी पडवी लागते. दहा फूट खोल, कौलांच्या उताराखाली. जांभ्याच्या भिंतीला टेकून बसायला वाडीतल्याच फणसाचा लांब बाक. आत काळा कडाप्पा. चपला काढल्यात तर भर दुपारीही तळव्यांना गार लागेल. सरबत आधी, सही नंतर. चारनंतर ऊन उंबरठा ओलांडतं आणि पाचपर्यंत काउंटरच्या पायाशी येतं. पावसाळ्यात याच बाकावरून पागोळ्या बघाव्यात. दिवे सातला लागतात, तेही मोजकेच.’

पन्नासच्या घरातले शब्द, सगळ्यात एकही ‘सुंदर’ नाही. व्यवस्थापकांनी विचारलं, ‘भव्य नको, पण निदान रमणीय तरी?’ मी म्हटलं, बाकावर बसून वाचून बघा. ते बसले, वाचलं, आणि बाकावरचा पंजा हलवत राहिले. रमणीय राहून गेलं.

खर्डा जानेवारीत झाला, पुस्तिका मात्र पावसाआधी छापायची होती. मेमध्ये छायाचित्रकार आले तेव्हा मीही खर्ड्याची प्रत घेऊन परत गेले. चार वाजता टेप लावली. उन्हाची रेघ उंबरठ्याच्या अलीकडे, पडवीतच होती. वळचणीपासून जेमतेम नऊ फूट. मेमध्ये सूर्य त्या वेळी जानेवारीपेक्षा बराच वर असतो, आणि नैर्ऋत्येऐवजी पश्चिमेच्याही किंचित उत्तरेला सरकलेला. म्हणून तेच ऊन त्याच घड्याळाला उंबरठा गाठत नव्हतं. आणि जून ते सप्टेंबर तर ते बहुतेक दिवस येणारच नव्हतं. वर्षभर वाटल्या जाणाऱ्या कागदावर जानेवारीचं ऊन लिहून मी पुन्हा तीच चूक करणार होते. ‘चारनंतर’च्या आधी ‘हिवाळ्यात’ हा शब्द घातला. व्यवस्थापकांचा जीव वरखाली झाला, कारण उन्हाळ्यात येणाऱ्याला वाटेल आपल्याला काही कमी मिळतं आहे. पण उन्हाळ्याच्या पाहुण्याला गार लादी होती, पावसाळ्याच्या पाहुण्याला पागोळ्या होत्या. प्रत्येकाला आपापली लॉबी मिळत होती.

शेवटचं वाक्य राहिलं होतं. काउंटरवरच्या मुलीने खर्डा वाचला आणि म्हणाली, ‘ताई, डिसेंबरात आम्ही दिवे सहालाच लावतो. सातपर्यंत काळोख होतो.’ खरंच होतं. तिथे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. मी ‘सातला’ खोडलं. आकडा काढल्यावर वाक्यात रिकामी जागा उरली, आणि तिथे काय लिहायचं हे तिनेच, काउंटरचा दिवा लावता लावता, सहज सांगून टाकलं. छापलेल्या पुस्तिकेत ते वाक्य असं आहे : ‘दिवेलागणीला दिवे लागतात, तेही मोजकेच.’